उष्ट्या ताटाचा हिशेब

दुपारचा एक वाजलेला. जिल्ह्याच्या ठिकाणचं मोठं रुग्णालय, महिलांचा अस्थिरोग वॉर्ड. जेवणाची ट्रॉली येऊन गेलीय आणि मावशी एकेका खाटेपाशी जाऊन कप्प्यांची ताटं उचलतायत. खिडकीजवळच्या खाटेवर ६८ वर्षांच्या आजी आहेत. घरात पाय घसरून पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, शस्त्रक्रिया होऊन तीन दिवस झाले. सिस्टर गोळ्या द्यायला येतात आणि सवयीनं विचारतात, "आजी, जेवलात का?" आजी म्हणतात, "जेवले हो." सिस्टर केसपेपरवर लिहितात, ‘आहार घेतला’. तोवर ताट धुण्याच्या जागी पोचलेलंही असतं.

या आजी म्हणजे कुणी एक व्यक्ती नव्हे. वॉर्डावॉर्डात दिसणाऱ्या अनेक आजींवरून हे उदाहरण उभं केलं आहे. पण त्यांच्या त्या ‘जेवले हो’मध्ये किती पोळी, किती वरण, किती दूध आहे, हे शोधायची रीत खरी आहे. जगभरची रुग्णालयं ती वापरतात. तिला दोन बाजू आहेत. ताटात किती उरलं ते पाहायचं आणि जे पोटात गेलं त्याच्या कॅलरी मोजायच्या. ऐकायला सोपं वाटतं, पण आपल्याकडच्या वॉर्डात ते नीट जमवायला बरंच डोळस राहावं लागतं.

पहिली अडचण आपल्या संस्कारातली आहे. पानात टाकू नये, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. भूक मेलेल्या माणसालाही ताटात अन्न टाकायची लाज वाटते. मग दोन घास चिवडून उरलेली भाजी पोळीखाली झाकली जाते. उरलेल्या पोळीची घडी घातली जाते. उकडलेलं अंडं भेटायला आलेल्या नातवाच्या हातात जातं. रात्री खाटेशी बसणारी लेक आईच्या ताटातलं उरलेलं खाऊन घेते, कारण तिला वेगळं जेवण मिळत नाही आणि अन्न वाया घालवणं जिवावर येतं. ताट रिकामं परत जातं, पण आजींच्या पोटात त्यातलं फारसं काही गेलेलं नसतं. उरलेल्या अन्नावरून अंदाज बांधायची पद्धत परदेशात तयार झाली. तिथे ताटात जे नाही ते पेशंटनं खाल्लं, असं धरलं तर फारसं चुकत नाही. आपल्याकडे मात्र ‘हे कुणी खाल्लं?’ हा प्रश्न विचारल्याशिवाय नोंद पुरी होत नाही.

भूक नसलेल्या रुग्णाच्या जेवणाकडे लक्ष द्यायला हवं, हे फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ सालच्या ‘नोट्स ऑन नर्सिंग’मध्ये ठासून मांडलं होतं. अन्न घेणं या विषयाला त्यांनी त्या छोट्या पुस्तकात स्वतंत्र प्रकरण दिलं. पुढे १९७४ मध्ये चार्ल्स बटरवर्थ या अमेरिकी डॉक्टरांनी एक लेख लिहिला. उपचार चालू असताना, डॉक्टरांच्या नजरेसमोर रुग्ण उपाशी राहतात आणि त्याची नोंदही कुठे होत नाही, हे त्यांनी त्यात दाखवून दिलं. ‘न्यूट्रिशन डे’ नावाची पाहणी २००६ साली झाली. तिच्यात २५ देशांमधल्या सुमारे १६,००० रुग्णांचं एका दिवसाचं जेवण पाहिलं गेलं. ताट पूर्ण संपवणारे निम्म्याहून कमी निघाले. ज्यांनी ताटातलं पाव किंवा त्याहून कमी खाल्लं, त्यांच्यात पुढच्या ३० दिवसांत मृत्यूचं प्रमाण जास्त होतं. जास्त आजारी माणूस कमी खातो, हा त्यातला एक भाग आहेच. पण आजाराची तीव्रता हिशेबात धरल्यावरही फरक उरला होता. विशेष म्हणजे त्या पाहणीत वजनकाटा नव्हता. सगळं, निम्मं, पाव की काहीच नाही, एवढंच विचारलं होतं आणि तेवढ्यावरूनही धोक्यातला माणूस ओळखता आला.

ताट नजरेनं मोजायची शिस्तही जुनी आहे. अमेरिकेत शाळेतल्या जेवणात मुलं किती अन्न टाकतात हे पाहण्यासाठी कॉमस्टॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशी श्रेणी वापरली आणि ते काम १९८१ मध्ये प्रसिद्ध झालं. कल्पना साधी आहे. प्रत्येक पदार्थ वेगळा पाहायचा आणि तो सगळा उरलाय, पाऊण, अर्धा, पाव की संपलाय, ते ठरवायचं. एखादाच घास खाल्ला असेल किंवा एखादाच उरला असेल, तर तीही नोंद करायची. यात सगळ्यात महत्त्वाचा शब्द ‘वेगळा’ हा आहे. अख्ख्या ताटाकडे बघून ‘निम्मं जेवल्या’ असं लिहिलं की हिशेब तिथेच चुकतो.

तो कसा चुकतो, ते आजींच्या ताटावरून कळेल.

आहारतज्ज्ञ बाई दुसऱ्या दिवशी जेवणाच्या आधीच वॉर्डात आल्या. स्वयंपाकघरातली तीन ताटं त्यांनी सकाळी काट्यावर तोलून घेतली होती. वाढायचा डाव आणि वाटी रोज तीच असली, तर ताटात काय पडतं ते ठरलेलं असतं. हा आधीचा आकडा हातात नसेल, तर उरलेल्याचा पाव-अर्धा सांगून उपयोग नाही. पाव म्हणजे कशाचा पाव? आजींच्या ताटात दोन पोळ्या, वाटीभर भात, वाटीभर वरण, दुधीची भाजी, दही आणि एक उकडलेलं अंडं होतं. कच्च्या शिध्याचं वजन आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे भारतीय अन्नघटकांचे तक्ते यांवरून त्यांनी ताटाचा हिशेब मांडला. साधारण ६५५ कॅलरी आणि २५ ग्रॅम प्रथिनं. (रोजच्या बोलण्यात आपण कॅलरी म्हणतो ती खरं म्हणजे किलोकॅलरी. इथेही त्याच अर्थानं शब्द वापरला आहे.)

अर्ध्या तासानं त्या ताट पाहायला परत आल्या. वरवर पाहता निम्म्याहून जास्त ताट संपलेलं दिसत होतं. दह्याची वाटी पुसून घेतल्यासारखी, अंड्याचा कप्पा रिकामा, भातात खड्डा, वरण अर्ध्यावर आणि कडेला पोळीची एक घडी. बाईंनी चमच्यानं घडी उलगडली. आत दीड पोळी निघाली आणि तिच्याखाली दाबून ठेवलेली भाजी. मग त्यांनी अंड्याबद्दल विचारलं. आजी जरा ओशाळल्या आणि म्हणाल्या, "नातू आला होता ना..."

आता पदार्थनिहाय हिशेब. अर्धी पोळी म्हणजे ५० कॅलरी. अर्धा भात ७०, अर्धं वरण ५०, पाव भाजी २०, पूर्ण दही ६० आणि अंडं शून्य. एकूण २५० कॅलरी आणि ९ ग्रॅम प्रथिनं. ‘निम्मं जेवल्या’ असं लिहिलं असतं, तर कागदावर जवळपास ३३० कॅलरी आणि साडेबारा ग्रॅम प्रथिनं लागली असती. फरक मोठा पडतो, कारण ताटातली जागा आणि ताटातलं पोषण यांचा मेळ बसत नाही. मोठ्या कप्प्यातली दुधीची भाजी फार थोडी ऊर्जा देते. त्या ताटातली जवळपास पाव प्रथिनं मात्र एका छोट्या अंड्यात होती आणि तेच दुसऱ्याच्या पोटात गेलं होतं.

दिवसाचा बाकीचा हिशेबही असाच जमत गेला. सकाळी अर्धा कप दूध, दोन-तीन चमचे उपमा. चारला चहा आणि दोन बिस्किटं मात्र पूर्ण, कारण आजींना चहा गोड लागतो. रात्री दोन घास भात आणि अर्धी वाटी वरण. सगळं मिळून ६०० कॅलरी आणि १८ ग्रॅम प्रथिनं.

गरज किती होती? आजींचं वजन ४८ किलो. अशा आजारी, वयस्क माणसाला दिवसाला किलोमागे साधारण ३० कॅलरी धरतात. म्हणजे सुमारे १,४४० कॅलरी. शस्त्रक्रियेनंतर जखम भरायची असते, म्हणून किलोमागे १.२ ग्रॅम प्रथिनं धरली, तर ती ५८ ग्रॅम होतात. आजींच्या पोटात ऊर्जा गेली गरजेच्या जेमतेम ४२ टक्के आणि प्रथिनं ३१ टक्के. याच हिशेबातून आणखी एक गोष्ट उघड झाली. दिवसभराची सगळी ताटं आजींनी चाटून-पुसून खाल्ली असती, तरी त्यात ऊर्जा १,६६० कॅलरींच्या आसपास आणि प्रथिनं ५३ ग्रॅमच होती. ऊर्जा पुरून उरली असती, प्रथिनं मात्र थोडी कमीच पडली असती. केवळ ‘पूर्ण जेवल्या’ या नोंदीवर विसंबलं असतं, तर हे कधीच दिसलं नसतं.

एका दिवसावरून मात्र काही ठरवत नाहीत. एखाद्या दिवशी दुखणं जास्त असतं, एखाद्या दिवशी घरून पुरणपोळी येते. म्हणून ही मोजणी साधारणपणे सलग तीन दिवस करतात. आजींची बेरीज दुसऱ्या दिवशी ५२० आणि तिसऱ्या दिवशी ६४० आली. सरासरी ५९० च्या आत-बाहेर, प्रथिनं १८ ग्रॅम. चित्र पक्कं झालं.

ही तीन दिवसांची नोंद सहसा कुठे फसते, तेही माहीत हवं. पाळी बदलताना रात्रीच्या जेवणाचा रकाना कोरा राहतो. मग कुणी तो शून्य धरतं, कुणी अंदाजानं भरून टाकतं. दोन्ही चूकच. जो दिवस पूर्ण नोंदला गेला नाही तो सरासरीतून वगळायचा आणि एक दिवस पुढे मोजायचं. पेशंटला एक्स-रे किंवा सोनोग्राफीसाठी नेलेलं असतं, तपासणीसाठी उपाशी ठेवलेलं असतं आणि परत येईपर्यंत ताट उचललं गेलेलं असतं. तिथे शून्य हेच खरं, पण शेजारी कारण लिहायला हवं. न खाणं आणि खायला न मिळणं या दोहोंचे उपाय वेगळे आहेत. आणि ट्रॉलीबाहेरचं खाणं तर जवळपास प्रत्येक वेळी सुटतं. घरचा डबा, कॅन्टीनचा चहा, गोळीबरोबरचं दूध, प्रसादाचा पेढा, हे सगळं मोजणीत यावं म्हणून खाटेच्या डोक्याशी एक कागद टांगतात आणि नातेवाइकांना लिहायला सांगतात. लिहिता येत नसेल तर ताट, वाटी आणि कप यांची चित्रं काढून त्यावर खुणा करायला दिल्या तरी चालतं.

पातळ पदार्थांचा अंदाज डोळ्यांना नीट येत नाही. सार, ताक, पेज हे वाटीत किती होतं आणि किती उरलं, यात सरावलेली नजरही चुकते. पेज घट्ट की पाण्यासारखी, यावरही तिची ऊर्जा दुपटीनं बदलते. म्हणून पातळ पदार्थ खुणा केलेल्या कपातून द्यावा आणि मिलिलिटरमध्ये लिहावा. भाजीत तेल किती पडलं, हे तर नजरेला कळतच नाही. तेव्हा ५९० हा आकडा काटेकोर नाही. तो पाचशे असेल किंवा पावणेसातशेही असेल. पण १,४४० च्या जवळपासही तो नाही, हे ठामपणे सांगता येतं आणि उपचार ठरवायला तेवढं पुरतं.

नातेवाईक इथे हमखास म्हणतात, "पण सलाईन चालू आहे ना!" बाटलीनं ताकद येते, हा आपल्याकडचा पक्का समज. नुसत्या मिठाच्या सलाईनमध्ये कॅलरी शून्य असतात. पाच टक्के ग्लुकोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत २५ ग्रॅम साखर असते आणि तिच्यातून सुमारे ८५ कॅलरी मिळतात. एका पोळीहूनही कमी. प्रथिनं त्यात अजिबात नाहीत. बाटलीनं शरीरातलं पाणी आणि क्षार सांभाळले जातात आणि ते गरजेचंच असतं, पण जेवणाची जागा ती घेत नाही. शहाळ्याचंही तसंच. प्रेमानं आणलेल्या शहाळ्याच्या मोठ्या ग्लासभर पाण्यातून तीस-चाळीस कॅलरी मिळतात, पोट मात्र भरल्यासारखं होतं आणि पुढचं वरण तसंच राहतं.

रोज वजन केलं तर कळणार नाही का, असंही विचारतात. वॉर्डात ते फसवं ठरतं. सलाईनचं पाणी साचलं, पायावर सूज आली, की उपाशी माणसाचंही वजन वाढलेलं दिसतं. रक्तातलं अल्ब्युमिन शस्त्रक्रियेनंतर आणि जंतुसंसर्गात आपोआप खाली येतं, त्यामुळे पोटात किती गेलं हे त्यावरून ठरवता येत नाही. खाल्लेलं मोजणं हाच सरळ मार्ग उरतो.

या मोजणीतली सर्वांत मोलाची गोष्ट बेरजेच्या पलीकडे आहे. ताटात काय उरलं, यावरून ते का उरलं हे कळू लागतं. आजींच्या तिन्ही दिवसांच्या नोंदी शेजारी ठेवल्या, तेव्हा दिसलं की वरण, दही, चहात बुडवलेलं बिस्किट ही मऊ वस्तू जाते आणि पोळी-भाजी परत येते. बाईंनी विचारलं, "आजी, कवळी कुठंय तुमची?" कवळी घरी होती. पडल्यावर घाईनं रुग्णालयात आणताना ती फडताळातच राहिली आणि तेव्हापासून कुणाला आठवलीही नव्हती. आजी स्वतःहून बोलल्या नाहीत, कारण एवढ्या मोठ्या दुखण्यात दातांचं काय सांगायचं, असं त्यांना वाटलं.

दुसऱ्या खाटांवर उष्ट्याचं चित्र वेगळं असतं. पक्षाघात झालेल्या काही रुग्णांच्या ताटाची उजवी बाजू साफ होते आणि डावीला हातही लागत नाही. मेंदूच्या उजव्या भागाला इजा झाली की डाव्या बाजूचं भानच हरपतं. ताट फिरवून ठेवलं की तेच आजोबा उरलेलं जेवतात. दह्याचं झाकण तसंच बंद असेल, तर बोटांत जोर नाही किंवा हाताला सलाईनची सुई आहे. सकाळी बरं खाऊन संध्याकाळी सगळं परत येत असेल, तर थकवा आणि औषधांच्या वेळा बघाव्या लागतात. सगळंच थोडं-थोडं उरत असेल, तर मळमळ, बद्धकोष्ठता, दुखणं, मनाची उदासी यांचा विचार करतात. ब्रिटनमधल्या अनेक रुग्णालयांत ज्यांना जेवायला मदत लागते, त्यांचं जेवण लाल ट्रेमध्ये वाढतात, म्हणजे विचारपूस झाल्याशिवाय तो कुणी उचलत नाही. आपल्या वॉर्डात ताटावर एक रंगीत चिठ्ठी लावली तरी तेच काम होईल.

आजींच्या बाबतीत उपाय हिशेबातूनच निघाले. कवळी त्याच संध्याकाळी आली. दुखण्यावरच्या औषधांनी पोट साफ होत नव्हतं, त्यावर डॉक्टरांनी औषध दिलं. पोळी दुधात कुस्करून द्यायचं ठरलं आणि त्या दुधात दोन मोठे चमचे दूध पावडर मिसळली. त्यानं तेवढ्याच कपात सुमारे ५० कॅलरी आणि ५ ग्रॅम प्रथिनं वाढली. वरण-भातावर चमचाभर तूप म्हणजे ४५ कॅलरी, आणि घास तेवढेच. अंडं जेवणातून काढून सकाळी दहाला ठेवलं, सिस्टरच्या समोर खायचं. भरलेलं ताट बघूनच नको वाटतं, म्हणून तीन मोठ्या जेवणांऐवजी दर दोन-अडीच तासांनी थोडं-थोडं द्यायला सुरुवात झाली.

प्रत्येक वेळी अशी भर लगेच घालता येत नाही. ज्या माणसानं पाच-दहा दिवस जवळपास काहीच खाल्लेलं नाही, त्याला एकदम पोटभर दिलं, तर रक्तातलं फॉस्फेट आणि पोटॅशियम झपाट्यानं घसरतं आणि हृदयावरही परिणाम होऊ शकतो. अशा रुग्णाला डॉक्टरांच्या देखरेखीखाली, आधी बी-१ जीवनसत्त्व देऊन, थोड्यापासून वाढवत न्यावं लागतं. इथेही किती दिवस किती कमी खाल्लं, ही नोंदच कामाला येते. आणि आठवडाभर निम्म्याहून कमीच जात असेल, तर नाकातून नळी टाकून अन्न द्यायचा निर्णय डॉक्टर याच कागदाच्या आधारे घेतात.

नंतरच्या तीन दिवसांची मोजणी झाली. आजी सरासरी १,१०० कॅलरी आणि ४० ग्रॅम प्रथिनांवर आल्या होत्या. अजून कमीच, म्हणून मोजणी थांबवली नाही. पण फिजिओथेरपिस्ट वॉकर घेऊन आले, तेव्हा आजी खाटेच्या कडेला उठून बसल्या.

तुमचं माणूस वॉर्डात असेल, तर दोन गोष्टी करा. जेवण झाल्यावर ताट उचलू देण्याआधी सिस्टरना ते आहे तसं दाखवा. आणि त्यातलं काही तुम्ही किंवा मुलांनी खाल्लं असेल, तर तेही मोकळेपणानं सांगा. कुणी रागावणार नाही. त्यांना तुमच्या आईच्या पोटात गेलेला घास मोजायचा आहे.